जत्रेतला बाहुला नक्की कोण? नकली खेळण्याचा फोटो वाचताना

प्रश्न: जोतिबाच्या यात्रेत मुलाला एक बाहुला घेतला. लाल-निळा आहे, डोक्यावर तुरा, छातीत लाइट लागते, हातात तारा असलेली ढाल आहे. कार्डवर नुसतं 'सुपर हिरो' लिहिलंय. विकणारा पॉवर रेंजर म्हणाला, भाचा म्हणतो अल्ट्रामॅन, आणि फोटो पाहून एकाने कॅप्टन अमेरिका सांगितलं. समोरून, मागून, पायाचे तळवे आणि कार्ड असे चार फोटो जोडलेत. फोटोवरून एक साधं नाव सांगणं इतकं अवघड का जातंय?

उत्तर:

फोटोतला बाहुला बहुतेक अल्ट्रामॅन या जपानी नायकांच्या घराण्यातल्या झीरोच्या साच्यावरून उतरलेला आहे. ढाल त्याची नाही. छातीतला दिवा पुरावा म्हणून धरता येत नाही. कार्ड तर कुठल्याही बाहुल्याला चालेल असं आहे. हे 'बहुतेक' कसं ठरवलं आणि तीन माणसांनी तीन नावं का सांगितली, ते आता सविस्तर सांगतो. तिघांनीही आपापल्या परीने काहीतरी खरंच पाहिलेलं आहे. फक्त प्रत्येकाची नजर वेगळ्या भागावर पडली.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्लास्टिकच्या मोल्डची, म्हणजे साच्यांची, कामं करतो आणि जुनी-नवी खेळणी जमवतो. त्यामुळे बाहुला हातात आला की आधी त्याचा साचा बघतो, पात्र नंतर. नकली खेळण्यांच्या बाबतीत हा क्रम पाळला नाही तर हमखास फसायला होतं.

परवाना घेऊन बनवलेल्या खेळण्यात चेहरा, अंगावरचे रंग, हातातलं शस्त्र आणि पाकिटावरचं नाव या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी मंजूर होतात. पात्राची मालकी असलेली कंपनी नमुना तपासते, रंग चुकला तर परत पाठवते. म्हणून अस्सल बाहुल्याची नुसती ढाल दिसली तरी नाव सांगता येतं, कारण बाकीच्या खुणा त्याच नावाकडे बोट दाखवणार याची खात्री असते. आपली ओळखायची सवय अशा खेळण्यांवर घडलेली असते. एक ठळक खूण पकडायची आणि नाव सांगून टाकायचं.

नकली माल बनवणाऱ्याला या खुणा एकत्र ठेवायचं काहीच कारण नसतं. डोक्याचा मोल्ड एका ठिकाणाहून येतो, हत्यारांचा दुसरीकडून, कार्ड छापणारा तिसराच असतो आणि रंग त्या आठवड्यात जो उपलब्ध असेल तो. मग एकाच बाहुल्यावर तीन पात्रांच्या खुणा बसतात आणि तिन्ही तितक्याच ठळक दिसतात. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं आहे. ज्याने ढाल आणि लाल-निळा रंग पाहिला त्याला कॅप्टन अमेरिका दिसला, भाच्याने डोकं पाहिलं, आणि विकणाऱ्याच्या लेखी हेल्मेट घातलेला प्रत्येक जण पॉवर रेंजर असतो.

आधी रंगाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

बाहुल्यावर रंग चढवणं हे मोल्डिंगपेक्षा वेळखाऊ काम आहे. प्रत्येक रंगासाठी त्या भागावर घट्ट बसणारा मास्क लागतो. तो लावायचा, स्प्रे मारायचा, वाळू द्यायचं, मग पुढचा रंग. डोळे आणि बारीक रेषा पॅड प्रिंटिंगने छापतात. म्हणजे लाल, निळा, चंदेरी आणि डोळे एवढं करायचं म्हटलं तरी एक बाहुला बऱ्याच हातांतून जातो. स्वस्तात विकायचा असेल तर पहिली काट इथेच बसते. अख्खं अंग एका रंगाच्या प्लास्टिकमध्ये ओततात, वरून एक किंवा दोन स्प्रे मारतात आणि बाकीच्या रेषा सोडून देतात. तुमच्या तळव्यांच्या फोटोत हे स्पष्ट दिसतंय: तळवे निळे आहेत, काखेत आणि मांडीच्या सांध्यातही निळंच आहे. म्हणजे मूळ प्लास्टिक निळं आणि लाल रंग वरून मारलेला. छातीवर लाल रंगाची कड धुरकट पसरली आहे, ते मास्क सैल असल्याचं लक्षण.

यातून पुढची अडचण निघते. त्याच साच्यात प्लास्टिकच्या निळ्या दाण्याऐवजी लाल दाणा टाकला की दुसरा बाहुला तयार, काळा टाकला की तिसरा. एका कार्डावर चार रंगांचे चार 'हिरो' लावलेले असतात. ते चारही एकाच मोल्डचे आहेत हे समोरासमोर ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. यात्रेतल्या स्टॉलवर शेजारी-शेजारी लटकलेली कार्डं पुन्हा कधी पाहिलीत, तर चेहऱ्याऐवजी मांडीवरच्या आणि दंडावरच्या खाचा जुळवून बघा. त्या जुळल्या तर साचा एकच आहे आणि रंगावरून नाव ठरवण्यात अर्थ नाही.

अल्ट्रामॅनच्या घराण्यात हा घोळ फारच वाढतो, कारण तिथे अनेकांची ओळखच रंगात असते. त्सुबुराया प्रॉडक्शन्सची मूळ मालिका १९६६ ची. तेव्हापासून एकामागून एक नवे अल्ट्रा येत गेले आणि बरेचसे लाल-चंदेरीच आहेत. १९७१ मध्ये आलेला जॅक हा पहिल्या अल्ट्रामॅनसारखाच दिसतो. फरक मुख्यतः लाल पट्ट्यांच्या कडेने जाणाऱ्या जादा रेषेचा आणि डाव्या मनगटावरच्या ब्रेसलेटचा. १९९६ चा टिगा तर गोष्टीतच रंग बदलतो: नेहमीचा लाल, जांभळा आणि चंदेरी, ताकदीच्या रूपात लाल-चंदेरी आणि वेगाच्या रूपात जांभळा-चंदेरी. आता नकली टिगा नुसता लाल आणि चंदेरी दिसला, तर ते ताकदीचं रूप आहे की जांभळा रंग वाचवला आहे, हे फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही. तिथे 'टिगा' म्हणून थांबणं हेच बरोबर उत्तर.

म्हणून मी प्रत्येक फोटोला पहिला प्रश्न हा विचारतो: या पात्राची ओळख आकारात आहे की रंगात? आकार साच्याबरोबर उतरतो, थोडा बोथट होतो पण उतरतो. रंग उतरत नाही, तो पुन्हा लावावा लागतो. ज्याची ओळख आकारात आहे त्याचं नाव नकली खेळण्यातही बहुतेक टिकतं.

आता तुमच्या बाहुल्याचं डोकं. डोक्यावर मधोमध कपाळापासून मागेपर्यंत जाणारा तुरा आहे, डोळे बाहेरच्या कोपऱ्यात वर चढलेले आहेत, कपाळावर एक छोटा उंचवटा आहे. हे पॉवर रेंजरचं हेल्मेट नाही आणि कॅप्टन अमेरिकाचं डोकं तर नाहीच. असा तुरा म्हटलं की अल्ट्रा घराण्यातली दोन नावं पुढे येतात. एक अल्ट्रासेव्हन, १९६७ चा, ज्याच्या डोक्यावर एकच पातं असतं आणि तो ते काढून फेकतो. दुसरा त्याचा मुलगा झीरो, २००९ मध्ये आलेला, ज्याच्या डोक्यावर अशी दोन पाती शेजारी-शेजारी असतात. सेव्हन लाल आणि चंदेरी, झीरोच्या अंगावर लालबरोबर निळाही. कपाळावरचा हिरवा दिवा दोघांनाही आहे. छातीवरचा गोल दिवा मात्र झीरोला आहे, सेव्हनला नाही.

कागदावर हे सोपं वाटतं: अंगात निळा आहे, छातीत दिवा आहे, म्हणजे झीरो. पण निळा हा प्लास्टिकच्या दाण्याचा रंग असू शकतो, हे वर आलंच. राहिला छातीतला दिवा, आणि तो तर आणखी बेभरवशाचा.

पाठीमागून काढलेल्या फोटोत दोन स्क्रू आणि झाकणाची चौकोनी रेघ दिसते. आत बटण सेल आणि एलईडी. स्वस्त बाहुल्यांत ही सोय ठरलेलीच असते. त्याच धर्तीवर थॉर, हल्क, कॅप्टन अमेरिका, बॅटमॅन असे सगळे मी छातीत गोल दिवा असलेले पाहिले आहेत, आणि मूळ पात्रांपैकी एकाच्याही छातीत असा दिवा नाही. लाइट लागली की लहान मूल हट्ट धरतं आणि माल खपतो, म्हणून ती दिलेली असते. म्हणून नकली बाहुल्याच्या छातीत दिवा आहे म्हणून तो आयर्न मॅन किंवा अल्ट्रामॅन, असं कधीच म्हणू नये. एक बारकावा मात्र बघण्यासारखा असतो. मुळातच दिवा असलेल्या पात्राच्या साच्यात दिव्याभोवती कोरलेली कड असते आणि छातीवरच्या रेषा त्या कडेपर्यंत येऊन थांबतात. नंतर भोक पाडून एलईडी बसवलेला असेल तर रेषा भोकाने मध्येच कापलेल्या दिसतात. तुमच्या समोरच्या फोटोत खांद्याकडून येणाऱ्या दोन रेषा दिव्याच्या अलीकडे वळून थांबल्या आहेत असं वाटतं. 'वाटतं' म्हणतोय, कारण फोटोत नेमका तिथेच फ्लॅशचा पांढरा डाग पडला आहे.

मग निकाल लागतो तो तुऱ्यावर. इथे मोल्डचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

वस्तूत जिथे फट असते तिथे साच्यात पोलादाची भिंत असते. झीरोच्या दोन पात्यांमधली फट म्हणजे पोलादी साच्यातली, म्हणजे डायमधली, एक पातळ, उभी पट्टी. अशी पट्टी करायला अवघड, लवकर वाकते आणि तुटते. चांगला कारखाना ती वेगळा तुकडा म्हणून बसवतो, झिजली की बदलतो. नक्कल करणारा तयार बाहुल्यावरून इलेक्ट्रोड बनवतो, ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या स्पार्क मशिनवर डाय पाडतो आणि फट जितकी उतरेल तितकी उतरू देतो. पट्टी मोडली तर मोडलेल्या डायवरच पुढचा माल काढतो. वरून जाड रंग बसला की उरलेली खाचही भरते. अशाने दोन पाती मिळून एकच जाड तुरा दिसू लागतो आणि पाहणारा 'एक पातं, म्हणजे सेव्हन' असं म्हणून मोकळा होतो.

म्हणून तुरा मोजायचा नाही, त्याची जाडी आणि माथा बघायचा. एकट्या पात्याचा माथा धारेसारखा निमुळता असतो. भरून आलेल्या दोन पात्यांचा माथा सपाट आणि रुंद असतो, आणि मधोमध एखादी उथळ पन्हळ राहतेच. ती समोरून कधी दिसत नाही. तुमच्या पाठीमागच्या फोटोत उजेड खिडकीतून तिरका आला आहे, आणि तुऱ्याच्या मागच्या टोकाला सावलीची एक बारीक रेघ पडली आहे. ती रेघ मोल्डची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, असेल का, हाही प्रश्न आला. पण कानांच्या वरून खांद्याकडे उतरणारी जोडाची रेघ त्याच फोटोत वेगळी दिसते आहे. म्हणजे या डोक्याचे साचे पुढचा आणि मागचा असे आहेत, डावा-उजवा असे नाहीत. तेव्हा तुऱ्याच्या मधली रेघ जोडाची नाही, ती बुजलेली फट आहे.

याला दुजोरा देणारी दुसरी खूण डाव्या मनगटावर आहे. २०१० पासून झीरोच्या डाव्या मनगटावर ब्रेसलेट असतं. तुमच्या बाहुल्याचं डावं मनगट उजव्यापेक्षा जाड आहे आणि त्यावर उंचवटा आहे, रंग मात्र काहीच दिलेला नाही. रंग न दिलेली अशी खूण मला सगळ्यात जास्त विश्वासाची वाटते. ज्याने बाहुला रंगवला त्याला ती काय आहे हे माहीतच नव्हतं, म्हणजे ती मूळ साच्यातून नकळत आलेली आहे. मुद्दाम लावलेल्या खुणा विकण्यासाठी असतात. अशी दुर्लक्षित राहिलेली खूण कुणी बनावट करत बसत नाही.

ढालीचं एवढंच की तिच्या मागची खुंटी आणि हाताच्या मुठीचं भोक जुळत नाहीत. फोटोत ढाल तिरकी लोंबते आहे आणि मुठीजवळ प्लास्टिक फाकलं आहे. हत्यारांच्या पिशव्या वेगळ्या तयार होऊन येतात आणि कुठल्याही बाहुल्याबरोबर पॅक होतात. हातातली वस्तू ही फोटोत सगळ्यात आधी नजरेत भरते आणि नाव ठरवायला सगळ्यात कमी कामाची असते. ढाल, तलवार, हातोडा जे काही असेल ते बाजूला काढून फोटो काढावा.

आता तळवे. बरेच जण मला फक्त तळव्याचा फोटो पाठवतात आणि 'शिक्का आहे, म्हणजे अस्सल ना?' असं विचारतात. अस्सल बाहुल्याच्या तळव्यावर किंवा पाठीवर हक्कधारकाचं नाव, वर्ष, बनवणाऱ्याचं नाव आणि देश कोरलेला असतो. पण तयार बाहुल्यावरूनच डाय काढली तर हा शिक्काही त्याच्याबरोबर उतरतो. तेव्हा शिक्का साच्याच्या वंशाबद्दल बोलतो, हा विशिष्ट बाहुला कुणी बनवला याबद्दल नाही. नाव ओळखण्यासाठी मात्र अर्धवट उतरलेला शिक्काही सोन्यासारखा, कारण एखादं अक्षर किंवा वर्ष वाचता आलं तरी मूळ खेळणं शोधता येतं. त्यातही वर्ष वाचताना सांभाळायला हवं. ते बहुधा हक्काचं किंवा मूळ घडणीचं वर्ष असतं, त्या नगाच्या उत्पादनाचं नाही.

तुमच्या बाहुल्याच्या उजव्या तळव्यावर काही नाही. डाव्या तळव्यावर मात्र एक गुळगुळीत आयत आहे, आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर उठलेला. डायमधली अक्षरं घासून काढली की त्या जागी डाय थोडी खोल जाते आणि नगावर असा उठाव येतो. म्हणजे तिथे पूर्वी काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते मुद्दाम काढलं आहे. यावरून नाव कळत नाही, पण साचा स्वतंत्रपणे घडवलेला नसून कुठल्यातरी अस्सल बाहुल्यावरून घेतलेला आहे, हे नक्की होतं. आपल्या निष्कर्षाला त्याचा मोठा आधार आहे. समजा साचा कुणी मनाने घडवला असता, तर 'मूळ कोण' या प्रश्नाला उत्तरच उरलं नसतं. असेही बाहुले असतात: अल्ट्रासारखं डोकं, रोबोटसारखं अंग, कुणाचीच नक्कल नाही. त्यांना नाव द्यायचा आग्रह धरू नये.

कार्डावर आयएसआयचा शिक्का आहे, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना तो सक्तीचा आहे. तो सुरक्षिततेच्या चाचण्यांबद्दल असतो. पात्राचा परवाना घेतला आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला तर उत्पादकाचं नाव मिळतं, नाहीतर क्रमांक खोटा असल्याचं कळतं. बनवणारा शोधायला हा मार्ग चांगला, पात्र शोधायला निरुपयोगी. तुमच्या फोटोत क्रमांकावर किमतीचं स्टिकर आलं आहे.

बाहुल्याच्या उंचीचाही उल्लेख करायला हवा, कारण 'नकली बाहुला थोडा लहान असतो' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. कोल्हापुरात फाउंड्रीशी संबंध असलेल्या कुणालाही त्यामागचं कारण ठाऊक आहे. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठा धरतात. प्लास्टिकचंही तसंच. पॉलिप्रॉपिलीन साधारण एक ते अडीच टक्के आकसतं, एबीएस त्याहून बरंच कमी. तयार बाहुल्यावरून डाय काढताना ही वाढ धरली नाही, तर १५० मिलिमीटरच्या बाहुल्याची नक्कल पॉलिप्रॉपिलीनमध्ये दीड टक्क्याने सव्वादोन मिलिमीटर कमी भरते. त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली की आणखी तितकीच घट. हातात दोन्ही असतील तर हे सहज कळतं. एका फोटोवरून सव्वादोन मिलिमीटर कुणालाही दिसत नाहीत, आणि हल्ली स्कॅन करून आकार हवा तसा लहान-मोठा करता येत असल्यामुळे ही खूण पूर्वीइतकी खात्रीची राहिलेली नाही. उंचीपेक्षा प्रमाण बघणं जास्त उपयोगाचं. डोकं धडाच्या मानाने मोठं वाटलं, मानेपाशी रंगाची छटा बदलली, किंवा डोक्यावरच्या रेषा टोकदार आणि धडावरच्या बोथट असल्या, तर डोकं एका साच्याचं आणि धड दुसऱ्याचं असण्याची शक्यता धरावी.

उलट्या बाजूनेही चूक होते, आणि ती मला जास्त खटकते, कारण तिच्यामुळे चांगली खेळणी कचऱ्यात जातात. विचित्र रंग दिसला की लोक सरळ 'डुप्लिकेट' म्हणतात. फनस्कूलने हॅस्ब्रोच्या परवान्याने आपल्याकडे जी. आय. जो चे बाहुले बनवले. त्यातल्या कित्येकांचे रंग अमेरिकेतल्या बाहुल्यांपेक्षा पूर्ण वेगळे आहेत. ते अस्सल आहेत, परवान्याचे आहेत, आणि परदेशातले संग्राहक ते शोधत असतात. हीमॅनचे बाहुलेही आपल्याकडे लिओच्या नावाने परवान्याने निघाले. त्यात मूळ कंपनीनेच एक धड अनेक पात्रांना वापरलेलं होतं. म्हणून मुंडकं हरवलेल्या अशा धडाच्या पाठीवर मॅटेलचं नाव आणि १९८१ हे वर्ष वाचता आलं तरी नाव सांगता येत नाही, कारण तेच धड आणि तोच शिक्का बऱ्याच जणांना आहे. अलीकडच्या अस्सल स्वस्त अल्ट्रा बाहुल्यांतही पाठीवरचा रंग कमी केलेला असतो. तेव्हा रंग कमी आहे म्हणून नकली, हा निष्कर्षही घाईचाच.

तुमच्यासारखा फोटो पुढे कधी कुणाला दाखवायचा झाला, तर एवढं करा. हातातलं सामान काढा. फ्लॅश बंद ठेवा आणि खिडकीजवळ, एका बाजूने तिरका उजेड पडेल असं ठेवा, कारण बुजलेल्या खाचा फक्त तिरक्या उजेडातच दिसतात. दोन पावलं मागे जाऊन झूम करा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत डोकं फुगून मोठं दिसतं आणि मग वर सांगितलेला डोकं-धडाचा अंदाज चुकतो. शेजारी बाहुल्याइतक्याच अंतरावर दहा रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं. तळवे, पाठ, मान, दोन्ही मनगटं आणि डोक्याचा माथा असे वेगवेगळे फोटो काढा. चेहऱ्याचा फोटो सगळे काढतात. नाव मात्र बऱ्याचदा माथ्यावर नाहीतर मनगटावर सापडतं.

नाव लिहून ठेवताना मी एका शब्दात लिहीत नाही. तुमच्या बाहुल्याची नोंद मी अशी करेन: 'साचा अल्ट्रामॅन झीरोवरून, बहुतेक, रंग निळ्या प्लास्टिकवर लाल स्प्रे, ढाल कॅप्टन अमेरिकाची, वेगळ्या साच्याची, विकला सुपर हिरो म्हणून, बनवणारा अज्ञात.' अशी नोंद असली की तुमचा भाचा, विकणारा आणि कॅप्टन अमेरिका म्हणणारा, तिघांचंही म्हणणं कुठे बसतं ते दिसतं. 'झीरो' एवढंच लिहून तो फोटो कुठे टाकला, तर उद्या कुणीतरी ढालवाला झीरो शोधत बसेल. चुकीची नावं अशीच पसरतात. नकली खेळणं विकणाऱ्याने घाईत दिलेलं नाव फोटोबरोबर फिरत राहतं आणि पुढच्या माणसाला तेच नाव दहा ठिकाणी सापडतं. त्या दहा ठिकाणांचा उगम एकच आहे हे त्याला कळायला मार्ग नसतो.

एक गोष्ट अजून पक्की व्हायची आहे. चारही फोटोंत मानेचा जोड नीट दिसत नाही. मुलाच्या हातून बाहुला थोडा वेळ मिळाला तर डोकं हळूच एका बाजूला वळवून मानेचा जवळून फोटो काढा. जोर लावून ओढू नका, खालची खुंटी मोडते. मानेच्या आत डोक्याचं प्लास्टिकही निळंच निघालं आणि खुंटी भोकात घट्ट बसलेली असली, तर डोकं आणि धड एकाच साच्याच्या घरातले, आणि नोंदीतला 'बहुतेक' मी काढून टाकेन. डोकं वेगळ्या रंगाच्या प्लास्टिकचं आणि खुंटीवर सैल फिरणारं निघालं, तर डोकं झीरोचं हे कायम राहील, पण मनगटावरच्या ब्रेसलेटचा आणि छातीवर थांबलेल्या रेषांचा पुरावा त्याच्या बाजूने मोजता येणार नाही. तेव्हा धड कुणाचं, हे मांडीवरच्या खाचांवरून नव्याने शोधावं लागेल.